इन्सिडेंट चालू असताना हॉटफिक्स कसा तपासावा

प्रॉडक्शनमध्ये बिघाड चालू आहे, ग्राहकांच्या ऑर्डर अडत आहेत, आणि त्याच वेळी एक लहानशी पुल रिक्वेस्ट रिव्ह्यूसाठी समोर येते. तिच्यात एक-दोन ओळींचाच बदल असतो आणि खाली "लवकर बघा" असा निरोप असतो. अशा वेळी रिव्ह्यूअरच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. एक तर बदल इतका छोटा आहे, त्यात काय पाहायचे, असे म्हणून तो न वाचताच मंजुरी देतो आणि पहिल्या बिघाडावर दुसरा बिघाड चढतो. नाही तर तो एरवीच्या सवयीने व्हेरिएबलची नावे, रचना आणि टेस्टची व्याप्ती तपासत बसतो आणि तेवढ्या वेळात नुकसान वाढत जाते. या दोन्ही चुका टाळायच्या असतील तर आठ-दहा मिनिटांत नेमके काय वाचायचे आणि काय उद्यावर टाकायचे, हे रिव्ह्यूअरला आधीपासून माहीत असावे लागते. या लेखात एकच उदाहरण घेऊन ते पाहू.

हॉटफिक्सचा धोका ओळींच्या संख्येवरून ठरत नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. एरवी प्रणालीकडे थोडी मोकळी क्षमता असते आणि एखादा बदल किंचित महाग पडला तरी ती तो पोटात घालते. इन्सिडेंटमध्ये ही क्षमता संपलेली असते, रांगा भरलेल्या असतात, आणि निरोगी प्रणालीत कुणाच्या लक्षातही आली नसती अशी ओळ सगळी सेवा बंद पाडू शकते. त्यातच बदल लिहिणाऱ्याला कारण सापडले असे वाटत असते, पण ते कारण बहुधा अजून पक्के झालेले नसते. त्यामुळे रिव्ह्यूअर कोड तपासतो तेव्हा त्यामागचे निदानही तपासत असतो, आणि माझ्या मते त्याच्या कामाचा अधिक मोलाचा भाग हाच आहे.

कोड लिहायची खरोखर गरज आहे का?

समजा, ऑर्डर नोंदवणारी एक सेवा आहे. तिच्याकडे सेकंदाला 200 ऑर्डर येतात, ती 20 सर्व्हरवर चालते, आणि सगळे सर्व्हर मिळून एका वेळी 120 ऑर्डर हाताळता येतील एवढे थ्रेड आहेत. संध्याकाळी तिची v4.12.0 ही नवी आवृत्ती डिप्लॉय झाली. काही मिनिटांत अलर्ट वाजला, आणि सुमारे 12 टक्के ऑर्डर 500 क्रमांकाची एरर देऊन परत जात असल्याचे दिसले. लॉगमध्ये कारण स्पष्ट होते: कूपन तपासणाऱ्या दुसऱ्या सेवेला केलेला कॉल 300 मिलिसेकंदांत उत्तर देत नव्हता, म्हणून टाइमआउट होत होता आणि त्याबरोबर ऑर्डरही फसत होती.

अशा प्रसंगी रिव्ह्यूअरने डिफ उघडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मागच्या आवृत्तीवर परत का जात नाही? रोलबॅक केला की नवा कोड लिहावा लागत नाही आणि कालपर्यंत चाललेली गोष्टच पुन्हा चालू होते, म्हणून बहुतेक वेळा तोच सर्वांत सुरक्षित उपाय असतो. नवे वैशिष्ट्य फीचर फ्लॅगमागे असेल तर तो फ्लॅग बंद करणे त्याहूनही हलके पडते. हॉटफिक्सला मंजुरी देणे म्हणजे हे दोन्ही मार्ग बंद आहेत असे मान्य करणे होय, आणि ते का बंद आहेत ते पुल रिक्वेस्टच्या वर्णनात एका वाक्यात लिहिलेले असलेच पाहिजे.

आपल्या उदाहरणात तसे कारण होते. v4.12.0 बरोबर डेटाबेसचे एक मायग्रेशनही चालले होते आणि त्याने ऑर्डरच्या टेबलमधला एक जुना कॉलम काढून टाकला होता. मागच्या आवृत्तीचा कोड त्या कॉलममध्ये लिहीत असे. रोलबॅक केला असता तर 12 टक्क्यांऐवजी सगळ्याच ऑर्डर फसल्या असत्या. नव्या कॉलला फ्लॅगही नव्हता, त्यामुळे इथे हॉटफिक्स लिहिणे भाग होते.

रोलबॅक हादेखील एक बदलच आहे आणि तोही अंगावर येऊ शकतो, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचे आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी त्यांच्या आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला होता आणि आठव्यावर जुनाच राहिला होता. नव्या कोडने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षे न वापरलेला कोड जागा केला, आणि तो बाजारात ऑर्डरमागून ऑर्डर टाकू लागला. बिघाड थांबवण्याच्या प्रयत्नात कंपनीने नीट चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. त्यामुळे तो जुना कोड त्या सातांवरही जागा झाला आणि गोंधळ वाढला. सुमारे 45 मिनिटांत झालेले नुकसान 46 कोटी डॉलरांहून अधिक होते, असे अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात नोंदले आहे. सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला की तिथे काय उरेल आणि चालू असलेला फ्लॅग त्या उरलेल्या कोडला काय करायला लावेल, हा प्रश्न त्या क्षणी कुणीतरी विचारायला हवा होता.

पहिला हॉटफिक्स आणि त्यामागचे गणित

आपल्या उदाहरणात पहिली पुल रिक्वेस्ट अशी आली:

```diff
- discount = coupons.check(cart, timeout=0.3)
+ discount = coupons.check(cart, timeout=3.0, retries=3)
```

लिहिणाऱ्याचा विचार समजण्यासारखा आहे. कूपन सेवा हळू झाली आहे, म्हणून तिला अधिक वेळ देऊ आणि तरीही उत्तर आले नाही तर आणखी तीनदा विचारू. ओळ वाचायला सोपी आहे, टेस्ट पास होतात, आणि घाईत असलेला रिव्ह्यूअर लगेच मंजुरी देईल असाच हा बदल आहे. मात्र टाइमआउट, रिट्राय, कनेक्शनची संख्या आणि रांगेची लांबी यांचे आकडे बदलणारा कोणताही हॉटफिक्स मंजूर करण्यापूर्वी एक छोटे गणित करावे, कारण अशा आकड्यांचा परिणाम डिफमध्ये दिसत नाही.

हे गणित लिटलच्या नियमावर चालते. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हा नियम सांगतो की एखाद्या प्रणालीत एका वेळी सरासरी किती कामे अडकलेली असतील, हे कामे येण्याचा दर आणि प्रत्येक काम आत राहण्याचा वेळ यांच्या गुणाकाराने ठरते. नेहमीच्या दिवशी एका ऑर्डरला 0.15 सेकंद लागतो. सेकंदाला 200 ऑर्डर गुणिले 0.15 म्हणजे 30 थ्रेड व्यस्त असतात आणि 120 पैकी 90 मोकळे राहतात.

आता नवा टाइमआउट धरून पाहू. सेकंदाला येणाऱ्या 200 ऑर्डरपैकी 12 टक्के, म्हणजे 24 ऑर्डर, कूपनच्या उत्तराची वाट पाहत तीन-तीन सेकंद थांबल्या तर त्यांनीच 72 थ्रेड धरून ठेवले. उरलेल्या 176 ऑर्डरना साधारण 26 थ्रेड लागतात. एकूण आकडा 98 झाला, म्हणजे रिट्रायचा विचार करण्याआधीच सेवा काठावर आली. रिट्राय धरले तर पहिला प्रयत्न आणि त्यानंतरचे तीन, असे चार प्रयत्न प्रत्येकी तीन सेकंदांचे होतात, म्हणजे एक अडकलेली ऑर्डर 12 सेकंद बसून राहू शकते. 24 गुणिले 12 म्हणजे 288 थ्रेड लागतील आणि आपल्याकडे 120 आहेत. हा वाईटात वाईट धरलेला अंदाज आहे हे खरे, कारण काही कॉल सेकंदभरात उत्तर देतीलही. पण अंदाज निम्म्यावर आला तरी थ्रेड पुरत नाहीत. थ्रेड संपले की ज्या ऑर्डरना कूपनच्या संथपणाचा काहीच त्रास नव्हता, त्याही दारात थांबतात, आणि 12 टक्क्यांचा बिघाड सगळ्यांचा होतो.

दुसरा परिणाम कूपन सेवेवर होतो. तिच्याकडे सध्या सेकंदाला 200 कॉल जात आहेत. अडकणाऱ्या 24 ऑर्डरनी प्रत्येकी चार प्रयत्न केले तर 24 चे 96 कॉल होतात आणि एकूण आकडा 272 वर जातो. थकलेल्या सेवेवर 36 टक्के अधिक भार पडला की ती आणखी संथ होते, अधिक कॉल टाइमआउट होतात, त्यांचेही रिट्राय सुरू होतात, आणि हे चक्र स्वतःलाच वाढवत नेते. शिवाय विचारणाऱ्याने कॉल सोडून दिला तरी पलीकडच्या सेवेला ते अनेकदा कळत नाही, त्यामुळे ज्याच्या उत्तराची आता कुणालाच गरज नाही असे कामही ती करत राहते. म्हणून संथ झालेल्या सेवेवर रिट्राय वाढवणारा हॉटफिक्स, प्रयत्नांमधले अंतर आणि एकूण प्रयत्नांवरची मर्यादा यांचा विचार न करता आला असेल तर, मी मंजूर करू नये असेच म्हणेन.

हे सगळे गणित कागदावर दोन मिनिटांत होते. रिव्ह्यूअरने ते कॉलवर मोठ्याने करून दाखवावे. "हे बरोबर वाटत नाही" असे म्हटले तर घाईत वाद सुरू होतो, पण "अडकलेल्या ऑर्डरना 288 थ्रेड लागतील आणि आपल्याकडे 120 आहेत" असे म्हटले की चर्चा तिथेच मिटते आणि लिहिणाऱ्याला त्यात स्वतःचा अपमानही वाटत नाही.

"एरर आली तर शून्य धरा"

पहिला प्रस्ताव मागे पडला की पुढचा प्रस्ताव बहुतेक वेळा असा असतो:

```diff
- discount = coupons.check(cart, timeout=0.3)
+ try:
+     discount = coupons.check(cart, timeout=0.3)
+ except Exception:
+     discount = 0
```

हा बदल ऑर्डर सेवेला नक्की वाचवतो आणि आलेखावरची लाल रेघ खाली आणतो. नेमक्या त्याच कारणाने तो अधिक काळजीपूर्वक वाचावा लागतो. ज्या ग्राहकाने कूपन टाकले आहे त्याला आधीच्या पानावर सवलत धरून कमी रक्कम दिसली आहे. कूपन सेवेचे उत्तर आले नाही म्हणून सवलत शून्य धरली तर त्याच्याकडून पूर्ण रक्कम घेतली जाईल, आणि प्रणालीच्या नोंदीत ही ऑर्डर यशस्वी म्हणूनच दिसेल. अलर्ट थांबेल आणि इन्सिडेंट संपल्यासारखा वाटेल, पण चुकीच्या व्यवहारांची संख्या मिनिटागणिक वाढत राहील.

इथे रिव्ह्यूअरने दोन प्रकारच्या नुकसानांत फरक केला पाहिजे. ऑर्डर नाकारली गेली तर ग्राहक नाराज होतो, पण बिघाड दुरुस्त झाल्यावर तो पुन्हा प्रयत्न करू शकतो आणि मागे निस्तरायचे काही उरत नाही. चुकीची रक्कम घेतली गेली, चुकीचा डेटा लिहिला गेला किंवा चुकीचा मेल पाठवला गेला, तर कोड मागे घेतल्यानेही ते परत येत नाही. कोणत्या ऑर्डर चुकल्या ते शोधणे, प्रत्येकाला पैसे परत करणे आणि हिशोब जुळवणे, हे काम पुढे कित्येक दिवस पुरते. म्हणून सेवा काही काळ अपुरी चालली तरी चालेल, पण ती चुकीचे लिहिणार नाही, याला हॉटफिक्सच्या रिव्ह्यूमध्ये अग्रक्रम असावा. डिफमध्ये डेटाबेसमध्ये लिहिणारी, पैसे घेणारी, काही पुसणारी किंवा बाहेर संदेश पाठवणारी ओळ असेल, किंवा अशा ओळीकडे जाणारी किंमत बदलली जात असेल, तर वेग तिथे थांबवून ती वाट शेवटपर्यंत वाचावी.

या डिफमध्ये आणखी एक दोष आहे. `except Exception` ही ओळ पायथॉनमध्ये टाइमआउटबरोबर जवळजवळ सगळ्याच चुका गिळते, त्यात उद्या कुणी `cart` मधले एखादे नाव चुकीचे लिहिले तर होणारी चूकही आली. नंतर तपास करणाऱ्याला लॉगमध्ये काहीच सापडणार नाही. पकडायचेच असेल तर फक्त टाइमआउटची चूक पकडावी आणि ती किती वेळा पकडली गेली याची मोजदाद ठेवावी.

नीट बसणारा बदल

दोन प्रस्ताव मागे पडल्यावर रिव्ह्यूअरने एक वेगळा प्रश्न विचारला: कूपन सेवा आजच संथ का झाली? तिच्यात तर काहीच डिप्लॉय झालेले नव्हते. तिच्याकडे येणाऱ्या कॉलचा आलेख पाहिल्यावर उत्तर मिळाले. कालपर्यंत तिच्याकडे सेकंदाला 20 कॉल जात होते, कारण दहापैकी एकाच ऑर्डरवर कूपन असते आणि जुना कोड कूपन असेल तरच विचारत असे. v4.12.0 मध्ये ही अट निघून गेली होती आणि प्रत्येक ऑर्डरसाठी कॉल जाऊ लागला होता. भार एकदम दहापट झाला होता. कूपन सेवा बिघडली असे सगळे धरून चालले होते, पण तिला आपल्याच नव्या आवृत्तीने दमवले होते. आधीचे दोन्ही हॉटफिक्स या चुकीच्या निदानावर उभे होते.

मग बदल अगदी साधा झाला:

```diff
- discount = coupons.check(cart, timeout=0.3)
+ if cart.coupon_code:
+     discount = coupons.check(cart, timeout=0.3)
+ else:
+     discount = 0
```

या ठिकाणी सुटकेचा निःश्वास टाकून मंजुरी देण्याचा मोह होतो. पण जी अट कुणीतरी काढली होती ती आपण परत घालत आहोत, तेव्हा ती का काढली होती हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. `git blame` लावून त्या ओळीचा कमिट पाहायला अर्धा मिनिट लागतो. या उदाहरणात कमिटच्या संदेशात कारण लिहिले होते: कोड न टाकताही आपोआप मिळणारी एक सवलत सुरू व्हायची होती, म्हणून प्रत्येक कार्ट कूपन सेवेला दाखवणे आवश्यक झाले होते. ती सवलत आज चालू असती तर हा हॉटफिक्सदेखील ग्राहकांकडून जास्त पैसे घेणारा ठरला असता. ती अजून सुरू झालेली नाही, असे त्या कामाची माहिती असलेल्या व्यक्तीकडून कॉलवरच निश्चित करून घेतले गेले. म्हणजे बदल आज बरोबर आहे आणि सवलत सुरू झाल्यावर तो चुकीचा ठरेल. ही मुदत पुल रिक्वेस्टमध्ये आणि इन्सिडेंटच्या नोंदीत दोन्हीकडे लिहिली गेली.

उरलेली एक शंका `coupon_code` च्या किमतीची होती. कूपन नसेल तर तिथे `None` असते की रिकामी स्ट्रिंग? पायथॉनमध्ये दोन्ही असत्यच मानले जातात, त्यामुळे अट दोन्ही वेळा नीट चालते. दुसऱ्या भाषेत हे असेच असेल असे धरून चालू नये.

मंजूर केले तेच प्रॉडक्शनमध्ये जाते का?

रिव्ह्यूमधला हा भाग सर्वांत जास्त निसटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपण वाचलेला डिफ आणि प्रत्यक्ष डिप्लॉय होणारा फरक या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. लिहिणाऱ्याने सवयीने `main` वरून हॉटफिक्सची ब्रँच काढली असेल, तर प्रॉडक्शनमध्ये अजून न गेलेले, पण `main` मध्ये मर्ज झालेले सगळे कमिट तिच्याबरोबर येतात. गिटहबवर पुल रिक्वेस्टचा डिफ दोन्ही ब्रँच जिथे वेगळ्या झाल्या त्या बिंदूपासून दाखवला जातो, त्यामुळे `main` च्या दिशेने काढलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये ते इतर कमिट दिसतच नाहीत. पानावर चार ओळी दिसतात आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या कुणाचे आठवडाभराचे अपुरे तपासलेले कामही प्रॉडक्शनमध्ये जाते, तेही सगळ्यांची नजर भलतीकडे असताना.

यावरचा उपाय म्हणजे ब्रँच प्रॉडक्शनमध्ये चालू असलेल्या टॅगवरून काढणे, आणि रिव्ह्यूअरने स्वतः त्या टॅगशी तुलना करून पाहणे:

```bash
git log --oneline v4.12.0..hotfix/coupon-check
git diff --stat v4.12.0 hotfix/coupon-check
```

पहिल्या आदेशात एकच कमिट आणि दुसऱ्यात एकच फाइल दिसली पाहिजे, आणि बदलासोबत टेस्ट असेल तर दोन. लायब्ररींच्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल बदललेली दिसली, एडिटरने आपोआप केलेले फॉरमॅटिंग दिसले, किंवा "हातासरशी हेही सुधारले" असा एखादा बदल दिसला, तर तो काढून टाकायला सांगावे, मग तो कितीही चांगला असो. हॉटफिक्स लागल्यावर काही नवे बिघडले तर संशयित एकच असावा, एवढ्यासाठी हा आग्रह आहे.

टेस्टच्या बाबतीत तडजोड करावी लागते. पूर्ण टेस्टना 40 मिनिटे लागत असतील तर त्या संपेपर्यंत थांबणे अनेकदा परवडत नाही. अशा वेळी बदललेल्या भागाच्या टेस्ट आधी चालवाव्यात, त्या पास झाल्यावर पहिला टप्पा डिप्लॉय करावा आणि उरलेल्या टेस्ट बरोबरीने चालू ठेवाव्यात. मात्र नेहमीचा बिल्ड टाळून सर्व्हरवर थेट फाइल बदलणे मान्य करू नये, कारण त्यानंतर कोणत्या सर्व्हरवर काय चालू आहे हे खात्रीने सांगणे कुणालाच जमत नाही.

आकडा आधी लिहून ठेवणे

मंजुरी देण्यापूर्वी लिहिणारा आणि रिव्ह्यूअर यांनी मिळून एक वाक्य लिहावे: हा बदल लागल्यावर कोणता आकडा किती होईल आणि किती वेळात. असा अंदाज आधी लिहिलेला नसेल तर डिप्लॉयनंतर आलेख थोडा खाली आला तरी सगळ्यांना तो बरा वाटू लागतो.

आपल्या उदाहरणात बदल आधी 20 पैकी एकाच सर्व्हरवर लावायचे ठरले, यालाच कॅनरी म्हणतात. त्या एका सर्व्हरवर सेकंदाला 10 ऑर्डर येतात, म्हणजे पाच मिनिटांत 3,000. बदल निरुपयोगी असेल तर त्यातल्या 12 टक्के, म्हणजे सुमारे 360 ऑर्डर फसतील. निदान बरोबर असेल तर कूपन नसलेल्या ऑर्डर आता त्या सेवेकडे जाणारच नाहीत, त्यामुळे फक्त कूपनवाल्या 300 ऑर्डरना धोका उरतो. बाकीचे 19 सर्व्हर अजून कूपन सेवेला दमवत आहेत, म्हणून त्या 300 पैकी 12 टक्के फसतीलच. म्हणजे सुमारे 36 ऑर्डर, किंवा 1.2 टक्के. कॅनरीवर शून्य एरर मिळतील अशी अपेक्षा ठेवणे इथे चूक ठरले असते. तशी अपेक्षा ठेवणाऱ्याने 1.2 टक्के पाहून बरोबर असलेला हॉटफिक्स मागे घेतला असता. उलट पाच मिनिटांनी आकडा सहा-सात टक्क्यांवर राहिला असता, तर तो 12 पेक्षा कमी आहे म्हणून पुढे जाणे चुकीचे ठरले असते, कारण त्याचा अर्थ आपल्याला न कळलेले दुसरेही काही कारण आहे असा झाला असता.

बदल सगळीकडे गेल्यावर कूपन सेवेचे कॉल सेकंदाला 200 वरून पुन्हा 20 वर यायला हवेत आणि कूपनवाल्या ऑर्डरही पूर्ववत व्हायला हव्यात. तसे झाले नाही तर मागे येण्याची वाट आधीच ठरलेली असावी. v4.12.0 कडे परत जाणे म्हणजे 12 टक्क्यांच्या बिघाडाकडे परत जाणे आहे, पण ती स्थिती निदान माहीत असलेली आहे. हॉटफिक्सने कोणतेही मायग्रेशन केलेले नाही, त्यामुळे ती वाट खरोखर मोकळी आहे. हे तपासणे रिव्ह्यूअरचे काम आहे. हॉटफिक्समध्ये डेटाबेसची रचना बदलणारे काही असेल तर मागची वाट अरुंद होते, आणि शक्य तिथे तो भाग वेगळा काढावा.

रिव्ह्यू कुणी करावा

इन्सिडेंटची सूत्रे ज्याच्या हातात आहेत त्याने रिव्ह्यू करू नये, कारण डिफ वाचताना त्याचे इतरांकडे दुर्लक्ष होते. ज्याने लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून तो बदल सुचवला, त्यानेही करू नये, कारण त्याला तीच वाट बरोबर वाटत असते. सेवेची माहिती असलेला पण त्या निदानात न गुंतलेला माणूस सर्वांत चांगला. त्याने बदल वाचून तो काय करतो हे स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगावे आणि लिहिणाऱ्याने ते ऐकावे. दोघांच्या समजुतीत फरक असेल तर तो इथेच उघड होतो. दहा मिनिटांत बदल समजला नाही, तर रिव्ह्यूअरने तसे स्पष्ट सांगावे आणि बदल छोटा करायला लावावा.

शेरे लिहितानाही दोन भाग करावेत: हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि हे नंतर पाहू. नावे, रचना, पुनरावृत्ती हे सगळे दुसऱ्या भागात जाते. पहिल्या भागात फार तर एक-दोन शेरे असतील, आणि ते लिहिण्याबरोबर बोलूनही सांगावेत, कारण घाईत लिहिलेला शेरा वाचायचा राहून जातो.

एखाद्या मध्यरात्री रिव्ह्यूला माणूसच उपलब्ध नसतो. अशा वेळी काही संस्था लिहिणाऱ्याला विशेष परवानगीने ब्रँचचे संरक्षण ओलांडू देतात. त्याची आपोआप नोंद होत असेल आणि दुसऱ्या दिवशी त्या बदलाचा नेहमीसारखा पूर्ण रिव्ह्यू होत असेल तरच ही सवलत सुरक्षित राहते.

इन्सिडेंट मिटल्यावर रिव्ह्यूअरकडे दोन कामे उरतात. हॉटफिक्स टॅगवरून काढला होता, त्यामुळे तो `main` मध्ये आपोआप आलेला नसतो. तो वेगळ्या पुल रिक्वेस्टने तिथे न्यावा लागतो, नाही तर पुढची आवृत्ती निघेल त्या दिवशी अट पुन्हा गायब होईल आणि तोच बिघाड परत येईल. दुसरे काम मुदतीचे आहे. आपोआप मिळणारी सवलत सुरू करणाऱ्या संघाच्या कामांच्या यादीत एक नोंद टाकायची, की ही अट काढण्यापूर्वी कूपन सेवा सेकंदाला 200 कॉल पेलते का हे भार टाकून तपासावे, प्रत्येक कार्टसाठी जाणारा नवा कॉल फ्लॅगमागे ठेवावा, आणि तो फ्लॅग आधी थोड्या ऑर्डरसाठीच चालू करावा. त्या नोंदीला हॉटफिक्सच्या पुल रिक्वेस्टची लिंक जोडली आणि ती कुणाच्या तरी नावावर टाकली की रिव्ह्यूअरचे काम पुरे झाले.